चाळीस मीटरला एक सेंटिमीटर : हुमायूनच्या कबरीभोवतीचं पाणी

दिल्लीत हुमायूनच्या कबरीच्या बागेत गेलात, तर घुमटाकडे बघण्याआधी पायाशी बघा. तांबड्या दगडात कोरलेला, वीतभर खोलही नसलेला एक अरुंद पाट सरळ कबरीच्या चौथऱ्याकडे जातो आणि चौथऱ्याशी संपतो. इमारतीला वळसा घालून पलीकडे गेलं, की त्याच सरळ रेषेत तसाच पाट पुन्हा सुरू झालेला दिसतो. पाणी कबरीखालून वाहत पलीकडे निघालंय, असंच वाटतं. हा भास मुद्दाम केलेला आहे. कुराणात स्वर्गाचं वर्णन पुन्हा पुन्हा एकाच शब्दांत येतं : ज्यांच्या खालून नद्या वाहतात अशा बागा.

बागेचे चार भाग करण्याची रीत मात्र इस्लामच्या कितीतरी आधीची आहे. इराणात पसर्गदे इथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सायरसच्या राजबागेत दगडी पाट होते. भिंतीने वेढलेल्या अशा बागेला जुन्या इराणी भाषेत जो शब्द होता, त्यावरून इंग्रजीतला ‘पॅरडाइज’ आला आणि आपल्या ओळखीचा ‘फिरदौस’ही आला. म्हणजे बाग आधी होती, तिचं नाव स्वर्गाला नंतर मिळालं. कुराणातल्या स्वर्गात पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्या आहेत, आणि ‘रहमान’ या सूरेत, म्हणजे अध्यायात, दोन अधिक दोन अशा चार बागा व त्यांतले झरे आहेत. जुन्या चौकोनी बागेला हा अर्थ चपखल बसला. फारसीत तिला चारबाग म्हणतात.

हुमायून 1556 मध्ये वारला आणि कबर 1570 च्या सुमारास पुरी झाली. स्थपती मीरक मिर्झा गियास. बागेचा आराखडा समजायला सोपा आहे. एक मोठा चौरस घ्या, आडवे-उभे सहा-सहा भाग पाडा, छत्तीस चौक होतात. मधले चार कबरीच्या चौथऱ्याखाली जातात. उरले बत्तीस, म्हणजे चार बागांच्या वाट्याला प्रत्येकी आठ. हा आठाचा आकडा इमारतीतही आहे : मधल्या दालनाभोवती आठ दालनं. या रचनेला ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, असं नाव आहे. इस्लामी परंपरेत स्वर्गाला आठ दारं मानतात.

आता खरी अवघड गोष्ट. स्वर्गातलं पाणी वाहतं हवं, पण खळाळून धावणारं नको. त्यात घुमट आणि आकाश उमटलं पाहिजे. पाट अगदी सपाट ठेवला तर पाणी साचतं, हिरवं होतं. उतार जास्त दिला तर पाण्याचा पातळ थर तळाशी पळत सुटतो, प्रतिबिंब फुटतं, वरचा भाग कोरडा पडतो आणि खालच्या टोकाला पाणी काठावरून सांडतं. या दोन्हींच्या मधली जागा फार चिंचोळी आहे. 1997 ते 2003 या काळात आगा खान सांस्कृतिक न्यास आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी ही बाग दुरुस्त केली. तेव्हा सुमारे तीन किलोमीटर पाट नव्याने बसवले गेले. दिलेला उतार होता चाळीस मीटरला एक सेंटिमीटर.

हा उतार डोळ्यांना दिसत नाही. 120 मीटरचा पाट घेतला तर दोन टोकांत फरक पडतो फक्त तीन सेंटिमीटरचा. मधला एखादा दगड नुसता पाच मिलिमीटर खचला, तर वीस मीटरचा उतार एका जागी संपला. तिथे डबकं होतं, गाळ बसतो, शेवाळ धरतं आणि डासही होतात. दगड वर उचलला गेला तर उलट होतं : त्याच्या मागे पाणी तुंबतं. झाडाचं मूळ खाली शिरणं, चुन्याचा सांधा झिरपून खालची माती धुऊन जाणं, ही त्याची नेहमीची कारणं. हाताची पाणसळ इतका बारीक उतार भरवशाने दाखवत नाही, म्हणून पाण्यालाच साक्षीला घ्यावं. खालचं टोक बंद करायचं, पाट भरायचा आणि पाणी स्थिर झालं की ठरावीक अंतरांवर खोली मोजत जायचं. साचलेलं पाणी वर सपाटच असतं, त्यामुळे खोली खालच्या टोकाकडे एकसारखी वाढत गेली पाहिजे. जिथे ती मध्येच उडी घेते, तो दगड काढून पुन्हा बसवायचा.

पाट जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हौद आहेत. ते शोभेचे आहेतच, पण तिथे पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि पुढच्या फाट्यांना पाणी वाटून जातं. फरसबंद वाटा वाफ्यांपेक्षा उंच असतात, म्हणून पाटाचं पाणी वाफ्यात सोडता येतं. आंबा, लिंबू, जास्वंद यांना याच पाण्यावर जगायचं असतं. मात्र वर्षानुवर्षं वाफ्यांत माती चढत गेली, की ते वाटेच्या बरोबरीला येतात आणि सगळी यंत्रणा बसते. इथे तेच झालं होतं. दुरुस्तीत हजारो ट्रक माती बाहेर काढावी लागली.

कारंज्याचा हिशेब वेगळा आहे. पंप नव्हते. विहिरीतून मोटेने किंवा रहाटाने पाणी उंच टाकीत चढवायचं आणि मातीच्या वा तांब्याच्या नळांनी खाली सोडायचं. टाकीतलं पाणी तोटीपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर धार तीन मीटरपेक्षा वर जाणं शक्यच नाही. नळातल्या घर्षणाने ती त्याहून कमीच उडते. एकाच नळावर ओळीने कारंजी बसवली की पहिली जोरात उडतात आणि शेवटची नुसती बुडबुडतात. ताजमहालात यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. तिथे प्रत्येक कारंज्याच्या नळीखाली तांब्याचं एक भांडं आहे. पाणी आधी भांड्यात भरतं आणि मग तोटीतून वर येतं. त्यामुळे नळातले धक्के भांड्यातच जिरतात आणि सगळी ओळ जवळपास एका उंचीने उडते. चुनखडीच्या पाण्याने तोटीत पुटं चढली, तर मात्र भांडंही काही करू शकत नाही. ती साफच करावी लागते.

हुमायूनच्या बागेतलं पाणी एकदा आटलं आणि अर्थही गेला. चौकांत पुढे भाजी आणि तंबाखू पिकला. 1860 च्या दशकात इंग्रजांनी चौकोनी हौदांच्या जागी इंग्रजी थाटाचे गोल वाफे केले. लॉर्ड कर्झनच्या काळात मूळ आखणी बरीचशी परत आली. 1947 नंतर इथे काही वर्षं फाळणीच्या निर्वासितांची छावणी होती, तेव्हा पाट आणि हौद पुन्हा मोडले.

महाराष्ट्रातला चारबाग पाहायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहा. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ही कबर 1660 च्या सुमाराला उभी राहिली. लोक तिची तुलना ताजशी करतात, कारण वरची इमारत तशी दिसते. जमिनीवरची आखणी मात्र हुमायूनच्या वळणाची आहे. ताजमध्ये कबर बागेच्या मध्यावर नसून टोकाला, यमुनेच्या काठावर आहे, आणि मध्यावर हौद आहे. मकबऱ्यात कबर चार बागांच्या बरोबर मध्यभागी आहे, जिथे चारही पाट येऊन मिळायला हवेत. ताजच्या मोठ्या दरवाजावर ‘फज्र’ ही सूरा कोरली आहे. तिची शेवटची ओळ शांत झालेल्या आत्म्याला सांगते, ‘माझ्या स्वर्गात ये’. त्या कमानीतून आत पाऊल टाकलं की समोर पाटाचं पाणी दिसतं.