भत्ता घटला म्हणजे पगार कापला?

“रुपया वधारला आणि कंपनीनं माझा जर्मनीतला महागाई भत्ता १२ हजारांनी कापला. हे नुकसानच ना, भाऊ?” – जळगावचा एक इंजिनिअर

नाही. समजा, पगारातला घरखर्चाचा भाग ६०,००० रुपये आहे आणि तेवढ्यात जळगावला जे येतं त्याला जर्मनीत १,२०० युरो लागतात. युरो १०० रुपयांना असताना हे १,२०,००० झाले, म्हणून भत्ता ६०,०००. युरो ९० वर आला की १,०८,००० पुरतात, भत्ता ४८,०००. हातात दोन्ही वेळा १,२०० युरोच. भुसावळच्या घराचा हप्ता, बचत यांना हा हिशेब लागूच नाही; ते रुपयांतच राहतात.

खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होऊ शकते. भत्ता ९० च्या दरानं काढला, पण पगार युरोत वळवताना जुना १०० चाच दर लावला, तर १,०८,००० चे १,०८० युरो होतात. दरमहा १२० युरो खरंच बुडतात. म्हणून भत्त्याच्या पत्रातला दर आणि पगारपत्रकातला दर शेजारी ठेवून बघा. ते जुळत नसतील तर एचआरला लेखी विचारा.