बुणग्यांचं पानिपत

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ 1988 साली आली. तेव्हापासून ती बहुतेक वेळा एकाच ओढीनं वाचली जाते: भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखानाच्या तोफा आणि शेवटचा तो दिवस. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली, की ही कादंबरी पुन्हा निघते. 14 जानेवारीला संक्रांत, आणि पानिपतही त्याच तारखेचं, असा मेळ लोकांच्या मनात पक्का बसलेला आहे. खरं तर 1761 सालची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, वार बुधवार. तारीख तीच राहिली आणि संक्रांत सरकत सरकत तिच्यावर येऊन बसली.

आमच्या वाचनगटानं यंदा ही कादंबरी लढाई बाजूला ठेवून वाचायची ठरवली. पहिल्याच बैठकीत विडी वळण्यात आयुष्य गेलेल्या एका मावशींनी विचारलं, “सर, एवढी माणसं दोन-अडीच महिने एका जागी बसली म्हणता, मग चुलीला जळण कुठनं आणलं?” पुढचं टिपण या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या आणि मिलो-सुकडीवर दिवस काढलेल्या सोलापूरकरांना या प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको.

आधी माणसं कोण होती ते पाहू. उदगीरच्या विजयानंतर, मार्च 1760 मध्ये भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले. फौजेबरोबर लढणाऱ्यांइतकीच, बहुधा त्यांच्याहून जास्त, न लढणारी माणसं होती. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, गवत कापून आणणारे, पखालीनं पाणी वाहणारे, नालबंद, लोहार, तंबू ठोकणारे, आचारी, वाणी, तेली, तांबोळी, सराफ आणि सरदारांचे कबिले. शिवाय यात्रेकरू. एरवी उत्तरेतल्या तीर्थांची वाट धोक्याची, तीच फौजेच्या आडोशानं सुरक्षित व्हायची. म्हणून म्हातारी माणसं आणि विधवा बायका मोठ्या संख्येनं निघाल्या होत्या. या सगळ्यांना मिळून बुणगे म्हणायची रीत होती. त्यांचा नेमका आकडा कुणी लिहून ठेवलेला नाही. इतिहासकारांचे अंदाज पन्नास हजारांपासून दोन लाखांच्या पुढे जातात. इतकी तफावत का, तर पगारपत्रकात शिपाई असतो, आचारी नसतो.

बखरींमध्ये हे लोक अडगळीसारखे येतात. फौजेच्या गळ्यातलं लोढणं, हरण्याचं एक कारण. हा ठपका पुढच्या लिखाणातही चालत आला. चित्र बदलायला लागलं ते पत्रं छापली गेल्यावर. वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत. उत्तरेतले मराठ्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांना भाऊसाहेब लिहितात तेव्हा तलवारीपेक्षा पैसा आणि रसद हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. ऐवज पाठवा, शत्रूची रसद तोडा, उशीर करू नका. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी या साऱ्या साधनांची छाननी केली. आज कादंबरी वाचणाऱ्याच्या हाताशी जो भुकेचा इतिहास आहे, तो या कागदांतून आलेला आहे.

आता भुकेचा हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त अंदाज यावा म्हणून धरू. माणसं एक लाख, आणि माणशी दिवसाला जेमतेम चारशे ग्रॅम धान्य. म्हणजे रोजचे चाळीस टन. त्या काळी धान्य बैलांच्या पाठीवरून यायचं आणि ते वाहणारे तांडे बंजाऱ्यांचे असायचे. बैल साधारण क्विंटलभर ओझं उचलतो. म्हणजे रोज चारशे बैल धान्यानं भरून आले, तर माणसं कशीबशी जगणार. घोडी चाळीस हजार धरली आणि एकेकीला तीन किलो चंदी दिली, तर आणखी बाराशे बैल हवेत. वैरण वेगळी. जळण वेगळं. हे रोज. एक दिवस तांडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट यायला हवा, आणि तो कधीच येत नाही.

तांडे चुकायला लागले ते का, हे कळायला नकाशा समोर घ्यावा. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण तिथं पैसा नव्हता. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून वितळवली तेव्हा सुमारे नऊ लाखांची नाणी पडली. इतक्या मोठ्या छावणीला ती किती पुरणार? 17 ऑक्टोबरला दिल्लीच्या उत्तरेचा कुंजपुरा किल्ला घेतला. तिथं धान्य सापडलं आणि थोडे दिवस पोट भरलं. पण ऑक्टोबरच्याच शेवटी अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली. तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. मराठ्यांनी पानिपत गावाला धरून खंदक खणले आणि छावणी केली. दिल्लीहून आणि दक्षिणेकडून येणारी वाट बंद झाली.

तरी काही वाटा उघड्या होत्या. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून धान्य येत होतं. दुआबात गोविंदपंत बुंदेले होते. त्यांनी तिकडून अब्दालीची रसद तोडायची होती, आणि सुरुवातीला अब्दालीच्या छावणीतही महागाई झाली. म्हणजे दोन्हीकडची माणसं उपाशी, आणि आधी कोण मोडतो एवढीच शर्यत. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि पारडं फिरलं. दिल्लीहून नारो शंकरानं पाठवलेल्या खजिन्याची एक तुकडी अंधारात वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली आणि कापली गेली. पैसाच नाही म्हटल्यावर जे थोडं धान्य यायचं, तेही विकत कुणी घ्यायचं? कादंबरीत धान्याचा भाव किंवा अंगावरचा दागिना मोडल्याचा उल्लेख आला, की थांबावं. तिथं कथानक पुढे सरकत नाही असं वाटतं, पण खरी घटना तिथंच घडत असते.

आणि आता मावशींचा प्रश्न. धान्य मिळालं तरी ते शिजवायचं कशावर? पानिपतच्या सपाट मुलखात इतक्या माणसांना पुरेल एवढं लाकूड नव्हतंच. होतं तेवढं पहिल्या काही आठवड्यांत संपलं. मग लोक रात्री खंदकाबाहेर पडून गवत, काटक्या, झाडाची साल आणायला लांब लांब जाऊ लागले. दिवसा अफगाण स्वार फिरत, म्हणून रात्र निवडली. हे बहुतेक बुणगेच असत, नि:शस्त्र. अशाच एका रात्री अफगाण गस्तीनं त्यांना गाठलं. काशिराज पंडितानं फारसीत लिहिलेल्या हकिकतीत त्या रात्री वीस हजार माणसं कापली गेल्याचं येतं. आकडा फुगवलेला असणार, पण प्रसंग घडला असणारच. काशिराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे पलीकडच्या छावणीत. त्यानं 1780 च्या सुमाराला, वीस वर्षांनी लिहिलं. त्याचा आकडा सैल धरावा आणि तपशील घट्ट.

थंडी हा तितकाच मोठा शत्रू. पौषातलं हरियाणातलं धुकं आणि अंगावर दख्खनचे सुती कपडे. घोडी मरू लागली ती चंदीविना, आणि मेलेली जनावरं खंदकाच्या आतच पडलेली. 13 जानेवारीच्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, की दोन दिवस अन्नाचा कण नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. उरलंसुरलं धान्य वाटून त्या रात्री सगळ्यांना एकदा जेवू घालण्यात आलं. दुसऱ्या दिवशीची लढाई या जेवणातून निघाली. व्यूहरचनेवर पानंच्या पानं वाद घालणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की पोटाचा मुद्दा सोडून तो वाद घालता येत नाही.

लढाईनंतर मरणाऱ्यांत बुणग्यांचा वाटा मोठा होता. पळता न आलेले हजारो लोक पानिपत गावात शिरले. दुसऱ्या दिवशी पुरुषांना रांगेत उभं करून मारलं, बायका-मुलांना गुलाम केलं. शुजाच्या आश्रयाला गेलेले काही हजार वाचले. दक्षिणेकडे पळणाऱ्यांना वाटेतल्या गावकऱ्यांनीही लुटलं. भरतपूरच्या सूरजमल जाटानं मात्र त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. हाच सूरजमल काही महिन्यांपूर्वी भाऊसाहेबांशी न पटून बाजूला झाला होता.

या वाटेवरचा सगळ्यात जवळचा साक्षीदार नाना फडणवीस. तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता. आई आणि बायको बरोबर होत्या. कुटुंबाला तीर्थयात्रा करायची होती. आपल्या आत्मचरित्रात तो लढाई थोडक्यात आटोपतो आणि पळतानाची हकिकत मन लावून सांगतो. अंगावरचे कपडे टाकून दिले, लंगोटीवर चालला, स्वार दिसले की गवतात पडून राहिला. बरोबरचे लोक जखमी होत गेले. रेवाडीपर्यंत पोचला, पुढे डीगला. बायको सापडली, आई गेली. पुढे पेशवाईचा कारभार हाकणारा हा माणूस या काही पानांत केवळ जीव मुठीत धरून चालणारा एक पोरगा आहे. कादंबरीच्या जोडीनं ही पानं वाचावीत.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. नाना लिहू शकला, कारण तो फडणिसांच्या घरातला. मोतद्दाराचं, पाणक्याचं किंवा यात्रेला निघालेल्या विधवेचं एकही आत्मचरित्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. कादंबरीत या माणसांना वाचा मिळते ती लेखकाच्या कल्पनेची. त्यात चूक काही नाही, पण वाचताना पत्रातलं काय आणि कल्पनेतलं काय हे वेगळं करता यायला हवं. भाऊसाहेबांचं वाक्य ताडून पाहायला कागद सापडतो. चुलीपुढच्या बाईचं वाक्य ताडून पाहायला काही नाही. तिथं ताडायचा तो हिशेब. जळण किती उरलं होतं, धान्याचा भाव काय होता, वाट उघडी होती का. हिशेबात बसतं, तर वाक्य खरं धरावं. आणखी एक पोकळी आहे, ती आपण मराठी वाचक सहसा पाहतच नाही. पानिपत गावातले मूळचे रहिवासी. त्यांच्या शेतातलं पीक, विहिरी, झाडं या अडीच महिन्यांत कुणी विचारून घेतली नव्हती.

पुढच्या बैठकीसाठी म्हणून कुंजपुरा ते 13 जानेवारी एवढाच भाग वाचायचा आहे. 14 तारखेची पानं तूर्त मिटलेलीच ठेवू. मावशींनी सांगितलंय, की जळणाचा उल्लेख जिथं जिथं येईल तिथं पेन्सिलीनं खूण करून आणा.