जुना तांदूळ (भाव आणि भाताची वाढ)

जुना तांदूळ : कापणीनंतर काही महिने ते एक-दोन वर्षे साठवून मग विकलेला तांदूळ. महाराष्ट्रात भाताची कापणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि जानेवारीपासून नवा माल दुकानात दिसू लागतो. त्याच वाणाचा जुना माल शेजारच्याच पोत्यात किलोमागे काही रुपये जास्त भावाने असतो. ‘जुना भात जास्त होतो’ हे त्याचे नेहमीचे समर्थन. ते खरे आहे, पण ती वाढ पाण्याची असते.

साठवणीत दाण्यातील प्रथिनांचे बंध घट्ट होतात, स्निग्धांश बदलतो आणि पेशींच्या भिंती कणखर होतात. त्यामुळे शिजताना दाणा फुटत नाही, पिष्ट पाण्यात कमी उतरते आणि दाणा जास्त पाणी पिऊनही मोकळा राहतो. नव्या तांदळाला तेवढेच पाणी घातले तर भात गिच्च होतो. बदलाचा मोठा भाग पहिल्या तीन-चार महिन्यांतच होतो, उष्ण हवेत आणखी लवकर. पुढे वेग मंदावतो. म्हणून रोजच्या वाणात सहा महिन्यांच्या आणि दोन वर्षांच्या मालातला फरक भावात दिसतो तेवढा ताटात दिसत नाही.

वाढ मोजताना घरोघरी एक चूक होते. कुकरमध्ये घातलेले सगळे पाणी भातातच राहते, त्यामुळे 100 ग्रॅम तांदूळ आणि 200 ग्रॅम पाणी घेतले की नवा-जुना कोणताही असो, भात जवळपास सारख्याच वजनाचा भरतो. फरक पाहायचा तर उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवावे. शीत चिमटीत दाबल्यावर आत पांढरी कणी उरली नाही की लगेच चाळणीत ओतून, निथळल्यावर वजन करावे. एक किलोचा भात साधारण अडीच ते तीन किलो होतो.

समजा, नवा कोलम 60 रुपये किलो आहे आणि त्याचा भात 2.6 किलो झाला. जुना 72 रुपये आहे आणि भात 2.9 किलो. नव्याचा भात किलोला सुमारे 23 रुपये पडला, जुन्याचा जवळजवळ 25. दोन्ही सारखे पडायला जुना 67 रुपयांना मिळायला हवा. वाटीच्या हिशेबाने वाढणाऱ्या खानावळीला हे गणित उपयोगी आहे. तिला आणखी एक लाभ असतो : मोकळ्या शितांमध्ये हवा राहते, त्यामुळे वाटी कमी वजनात भरलेली दिसते.

घरी मात्र पोट कोरड्या दाण्याने भरते, त्याने प्यायलेल्या पाण्याने नाही. नव्या तांदळात 14 टक्के आणि जुन्यात 12 टक्के ओलावा धरला, तर किलोमागे जुन्यात फक्त 20 ग्रॅम जास्त अन्न मिळते. 60 रुपये भावाला त्याची किंमत दीड रुपयाही होत नाही. उरलेले पैसे मोकळ्या भातासाठी जातात. पुलाव, मसालेभात किंवा पंगतीचा साधा भात करायचा असेल तर ते द्यावेत. मऊ भात, पेज किंवा खिचडीसाठी ते वायाच जातात.

वाणानुसार निकाल उलटतो. बासमतीत दाणा अखंड राहून लांबीने वाढणे हीच अपेक्षा असते, तिथे वर्षभर मुरवलेल्या मालाला जास्त भाव देणे समजण्यासारखे आहे. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ‘कोलम’ म्हणून दुकानात येणारा बराच माल इतर भागांतला असतो. तिथे वयाआधी वाणाची चौकशी करावी. आंबेमोहोर आणि त्याच्यापासून काढलेला इंद्रायणी हे वासाचे तांदूळ. साठवणीत वास उडत जातो आणि इंद्रायणीचा हवाहवासा चिकटपणाही कमी होतो. हे वाण जुने म्हणून महाग घेण्यात अर्थ नाही.

पिवळसर झाक हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. वाफवलेल्या (‘स्टीम’) तांदळालाही तशी झाक असते आणि त्याचाही भात मोकळा होतो, त्यामुळे तो जुना म्हणून सहज खपतो. नवा दाणा दाताखाली मऊ तुटतो, जुना कट्कन. पण निवाडा पातेल्यातच होतो : नव्याची पेज दाट, पांढरी, जुन्याची पातळ. पोते घेण्याआधी पाव किलो आणून एवढे पाहावे. तुकडाही निवडून तोलावा. तुटलेला दाणा आधी शिजून पाण्यात पिष्ट सोडतो, त्यामुळे तुकडा जास्त असलेला जुना तांदूळही चिकटतो आणि मोकळेपणासाठी मोजलेले पैसे तिथेच बुडतात.

नवा तांदूळ घेऊन घरी जुना करता येतो. उन्हात न तापवता सावलीत सुकवून, एरंडेलाचा हात लावून, कोरड्या घट्ट डब्यात ठेवला की पावसाळ्यापर्यंत बराच मुरतो. मात्र सोंडकिडे लागले, तर वाचवलेले रुपये निवडण्या-पाखडण्यात जातात.