एलडी की दंड? नावावरून ठरवू नका

करारातलं एलडीचं, म्हणजे लिक्विडेटेड डॅमेजेस किंवा आधीच ठरवून ठेवलेल्या भरपाईचं कलम काय असतं, हे कंत्राटाची कामं करणाऱ्यांना सांगायला नको: उशीर झाला की आठवड्याला अमुक टक्के कापायचे, कमाल दहा टक्के. ही भरपाई की दंड, असा वाद त्याच्या नावावरून घालतात, तो मला पटत नाही. ‘ही रक्कम दंड समजू नये’ असं करारात छापल्यानं काहीही सिद्ध होत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी नुकसानीचा खरा पूर्वअंदाज आणि धाक दाखवणारा दंड असे दोन कप्पे केले होते. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 दोन्हींना एकाच मापानं मोजतं: वाजवी भरपाई मिळेल, लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही.

खरी गफलत पुढे होते. ‘नुकसान सिद्ध झालं असो वा नसो’ हे कलम 74 मधले शब्द वाचून लोक ‘नुकसान झालं नाही तरी पैसे मिळतात’ असा अर्थ काढतात. तो चूक आहे. सूट पुराव्यापुरती आहे, नुकसान मात्र व्हावंच लागतं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हे दिसतं. मौला बक्ष खटल्यात बटाटे, कोंबड्या, अंडी वेळेवर पोचली नाहीत म्हणून लष्करानं दहा हजार आणि साडेआठ हजारांच्या अनामती जप्त केल्या. माल बाजारातून कोणत्या भावानं घेतला, हे सरकारला सहज दाखवता आलं असतं. त्यांनी दाखवलंच नाही. अनामती परत कराव्या लागल्या. सॉ पाइप्स खटल्यात (2003) ओएनजीसीला तेलविहिरीत आतून बसवायचे केसिंग पाइप उशिरा मिळाले. समुद्रातल्या विहिरीचं काम पाइपांअभावी अडलं तर नेमके किती रुपये बुडाले, हे मोजणं अवघड. तिथे आधी ठरवलेला आकडा वाजवी पूर्वअंदाज म्हणून टिकला.

नुकसानच नसेल तर? कैलाशनाथ खटल्यात (2015) दिल्ली विकास प्राधिकरणानं 3.12 कोटींच्या बोलीपोटी भरलेले 78 लाख जप्त केले, आणि तोच भूखंड पुढे 11.78 कोटींना विकला. न्यायालयानं 78 लाख परत द्यायला लावले.

म्हणून एलडीचं कलम समोर आलं की मी आधी दोन गोष्टी बघतो. नुकसान झालंय का? आणि ते बिलं, बाजारभाव दाखवून मोजता येतं का? मोजता येत असेल तर बिलं आणा, कलमाच्या आडोशाला बसू नका. येत नसेल, तर तो आकडा कसा काढला याचं करारावेळचं टिपण शोधा: रोजचं भाडं, व्याज, देखरेखीचा खर्च. असं टिपण फायलीत असलेला दावा मला सर्वांत भक्कम वाटतो. याउलट एक कागद उशिरा देणं आणि अख्खं काम सोडून जाणं, दोन्हींना एकच रक्कम लावलेली दिसली, की अंदाज कुणी बांधलाच नव्हता असं मी धरून चालतो.