मूल नाही म्हणजे म्हातारपणी कुणीच नाही?

“गे-लेस्बियन लोकांना मूलबाळ नसतं, म्हणजे म्हातारपणी एकाकीपणा ठरलेलाच.”

मुळीच नाही. मुलं असलेलेही त्यांच्यात आहेत. एकटं राहणाऱ्यांचं प्रमाण जास्त, हे खरं. पण अनेकांनी मित्रमैत्रिणींचा, कधी जुन्या जोडीदारांचाही, गोतावळा जमवलेला असतो. ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसलेले असतात ते हेच. अडचण निराळीच आहे: गोतावळा बहुधा एकाच वयाचा, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे एकदमच कुरकुरतात! तिथे तरुण हात लागतात. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली सुरू झालेल्या ‘सेज’ या समलिंगी ज्येष्ठांसाठीच्या संस्थेने घरी भेटीला जाणारे स्वयंसेवक जोडून दिले. तोच माणूस नेमाने आला की ओळख मुरते. मात्र शुद्ध हरपल्यास उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच कायदेशीर लिहून ठेवावं. नाहीतर डॉक्टर बहुतेकदा वर्षानुवर्षं न भेटलेल्या भावालाच विचारतात.