चोवीस तासांच्या विंडोची आणि टेम्प्लेट कॅटेगरीची पार्श्वभूमी

व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस एपीआय, म्हणजे कंपन्यांना स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांना मेसेज पाठवता येतील अशी सोय, ऑगस्ट 2018 मध्ये आलं तेव्हापासून मूळ नियम तोच आहे. ग्राहकाने मेसेज केला की 24 तासांची विंडो उघडते आणि तेवढ्यात तुम्ही त्याला हवं ते लिहू शकता, तेवढा वेळ गेला की फक्त आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूर, म्हणजे टेम्प्लेट, जातं. सुरुवातीला उत्तरं फुकट होती आणि पैसे लागायचे ते टेम्प्लेटचे. टेम्प्लेटच्या कॅटेगऱ्याही बऱ्याच होत्या, `APPOINTMENT_UPDATE`, `SHIPPING_UPDATE`, `PAYMENT_UPDATE` अशा, म्हणजे मेसेज कशाबद्दल आहे त्यावरून नाव.

गोंधळ सुरू झाला 1 फेब्रुवारी 2022 ला, कारण तेव्हा पैसे मेसेजवर न लावता 24 तासांच्या 'कन्व्हर्सेशन'वर लावायला सुरुवात झाली. आता घड्याळं दोन झाली ना! ग्राहकाच्या प्रत्येक मेसेजला नव्याने सुरू होणारी सर्व्हिस विंडो वेगळी, आणि बिलाचं कन्व्हर्सेशन वेगळं, जे एकदा सुरू झालं की ठरल्या वेळीच संपायचं. टेम्प्लेट पाठवलं की बिलाचं घड्याळ सुरू व्हायचं, पण ग्राहकाने उत्तर दिल्याशिवाय विंडो काही उघडायची नाही, आणि बरेच जण इथेच फसले.

उदाहरण घ्या. ग्राहकाने सोमवारी सकाळी 10 ला अपॉइंटमेंट मागितली, बॉटने लगेच उत्तर दिलं, भेट बुधवारची. रिमाइंडर मंगळवारी 9:55 ला साध्या मजकुरात जातो, 10:05 ला जात नाही. बरं, एपीआयला रिक्वेस्ट केली की ती स्वीकारल्याचं उत्तर येतं, मेसेज आयडीही मिळतो, आणि फेल झाल्याचं नंतर वेबहुकवर, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपकडून तुमच्या सर्व्हरला येणाऱ्या सूचनेत, कळतं, एरर कोड `131047`. वेबहुकमधले स्टेटस कोणी बघत नसेल तर रिमाइंडर गेला असंच वाटत राहतं. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही कारण टेस्ट करणाऱ्याने नुकताच हाय केलेला असतो, विंडो उघडीच असते!

1 जून 2023 पासून बिलाचे भाग पडले मार्केटिंग, युटिलिटी, ऑथेंटिकेशन आणि सर्व्हिस, पैकी टेम्प्लेटला पहिले तीनच, सर्व्हिस म्हणजे विंडोतली साधी उत्तरं. आता विषयापेक्षा हेतू बघतात. 'उद्या 11 वाजता तुमची अपॉइंटमेंट आहे' हे युटिलिटी, पण त्याखाली 'पुढच्या भेटीवर सूट' अशी एक ओळ जोडली की अख्खं टेम्प्लेट मार्केटिंग. माझ्या मते ही विभागणी जुन्या यादीपेक्षा खूप बरी, कारण सूट नको असलेल्या माणसाला निदान रिमाइंडर तरी स्वच्छ मिळतो.

नोव्हेंबर 2024 पासून सर्व्हिस कन्व्हर्सेशन फुकट झाली आणि 1 जुलै 2025 ला कन्व्हर्सेशनचा हिशोबच गेला, परत मेसेजमागे पैसे. बिलाचं दुसरं घड्याळ त्याबरोबर संपलं, सर्व्हिस विंडो राहिली. नव्या हिशोबात विंडो उघडी असताना युटिलिटी टेम्प्लेटलाही पैसे नाहीत, म्हणजे वरचा रिमाइंडर टेम्प्लेट म्हणूनच पाठवला तर 9:55 ला फुकट जातो, 10:05 ला पैसे लागतात, पण जातो दोन्ही वेळेला.