डेमो परत आला, आणि त्याचा उपयोग गावात जास्त

मोठ्या कंपनीचा गेम आज सहज 80 ते 100 जीबीचा असतो. आर्वी किंवा दारव्ह्याच्या आसपासच्या गावात, दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर आणि मधेच लाइट जात असताना, तो उतरवणं जवळपास अशक्य. म्हणून छोट्या स्वतंत्र गेमचा डेमो, म्हणजे खेळून बघायला फुकट दिलेला तुकडा, ही इथल्या पोरांसाठी खरी कामाची गोष्ट आहे.

आधी थोडा भाग फुकट द्यायचा, आवडला तर बाकीचा विकायचा, ही पद्धत जुनी आहे. 1993 साली आलेल्या ‘डूम’चा पहिला भाग फुकट होता, लोकांनी तो एकमेकांना कॉपी करून दिला आणि पुढच्या भागांसाठी पैसे मोजले. आपल्याकडे डेमो आले ते ‘डिजिट’सारख्या मासिकांबरोबरच्या सीडीतून. पुढे सीडी संपल्या आणि मोठ्या कंपन्यांनी ट्रेलरवर भर दिला. डेमो बनवायला वेळ लागतो, आणि कच्चा निघाला तर विक्रीच बुडते.

2017 मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाने खेळाडूंच्या मतदानाने गेम निवडायची ‘ग्रीनलाइट’ पद्धत बंद केली आणि 100 डॉलर भरून गेम विकायला लावायची सोय केली. दुकान भरून वाहू लागलं. जाहिरातीला पैसा नसलेला चांगला गेमही त्यात दिसेनासा झाला. त्यावर उत्तर म्हणून डेमोंचे उत्सव सुरू झाले. 2021 पासून त्यांचं नाव ‘नेक्स्ट फेस्ट’ आहे. तो फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये आठवडाभर चालतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो.

‘बलाट्रो’ बघा. कॅनडातल्या एकट्या माणसाने केलेला हा पत्त्यांचा गेम फेब्रुवारी 2024 मध्ये आला, पण त्याचा डेमो 2023 पासूनच लोक खेळत होते आणि एकमेकांना सांगत होते. महिन्याभरात दहा लाख प्रती खपल्या. जागा लागते जेमतेम दीडशे एमबी, म्हणजे आपल्या एका दिवसाच्या पॅकमध्ये आरामात बसतो.

मात्र उत्सवाच्या पानावर वर दिसतात ते बहुधा आधीच गाजलेले गेम. त्यामुळे थेट आवडीच्या प्रकाराच्या टॅगमध्ये शिरावं आणि उतरवण्याआधी आकार व ग्राफिक्स कार्डाची अट वाचावी. उत्सव संपला की बरेच जण डेमो काढून घेतात, तेव्हा आवडलेला त्याच आठवड्यात उतरवून ठेवा. डेमोंच्या शिफारशींच्या याद्या करणाऱ्यांपैकी कोणाची आवड आपल्याशी जुळते ते ओळखायला सोपा उपाय आहे: आपण खेळलेल्या दोन-तीन गेमबद्दल त्याने काय लिहिलंय ते आधी बघायचं. जुळलं तरच बाकीची यादी वाचायची. लॅपटॉप फारच जुना असेल तर itch.io या साइटवर ब्राउझरमध्येच चालणारे गेम वेगळे गाळून बघता येतात. त्यांतले बरेच फुकट आहेत.